आठवड्यातला एक दिवस मीटिंगविना: मॅनेजरकडे सहा बुधवारांचा प्रयोग कसा मागायचा

'मला कामाला सलग वेळच मिळत नाही' हे वाक्य मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, आणि मॅनेजर ते तितक्याच सहज कानाआड करतो. त्याचंही चुकत नाही, कारण त्या वाक्यात त्याने नेमकं काय करायचं हे नसतं. तुम्हाला आठवड्यातला एक दिवस राखून हवा असेल तर तक्रार बाजूला ठेवून एक छोटा, मुदतीचा, मोजता येणारा प्रयोग मागा. तो कसा बांधायचा हे खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

उदाहरण एकच घेतलं आहे आणि ते शेवटपर्यंत चालवलं आहे. अंधेरीच्या एका मध्यम कंपनीत अकाउंट्समध्ये सीनियर एक्झिक्युटिव्ह आहे, असं समजा. वेळ साडेनऊ ते साडेसहा, मध्ये पाऊण तास जेवण. डोक्याचं काम दोन प्रकारचं: खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणाऱ्या यादीशी, जुळवणं आणि महिन्याचं एमआयएस, म्हणजे वरिष्ठांसाठीचा आकड्यांचा अहवाल, तयार करणं. तुमचं काम कोडिंगचं, डिझाइनचं किंवा टेंडर भरण्याचं असेल तर तारखा बदलतील, बांधणी तीच राहील.

जवळ काय हवं

- मागच्या चार आठवड्यांचं कॅलेंडर, एक्सेलमध्ये उतरवलेलं
- मागच्या तीन महिन्यांत तुमचं मुख्य काम कोणत्या तारखेला संपलं त्याची नोंद (फाइल सेव्ह झाल्याची वेळ किंवा मेल पाठवल्याची वेळ पुरते)
- पुढच्या दोन महिन्यांच्या सुट्ट्या आणि भरणा-रिटर्नच्या तारखा
- निवडलेल्या वाराच्या मीटिंगांची यादी, प्रत्येकीसमोर ती कोण बोलावतं त्याचं नाव
- एक पानाचा प्रस्ताव. एकच पान; दुसरं पान कोणी उघडत नाही.

## १. मीटिंगचे तास मोजू नका, मधल्या फटी मोजा

बहुतेक जण इथेच फसतात. 'आठवड्यात माझे तेरा तास मीटिंगमध्ये जातात' असं सांगितलं की मॅनेजर मनात हिशेब करतो: चाळीसातले तेरा गेले, सत्तावीस उरले, मग अडचण काय? खरी अडचण अशी की ते सत्तावीस तास तुकड्यातुकड्यांत मिळतात.

आपल्या उदाहरणातला एक बुधवार पाहा. १०:०० ते १०:३० टीमची रोजची मीटिंग. ११:१५ ते १२:०० एका व्हेंडरबरोबर थकलेल्या बिलांचा कॉल. १:०० ते १:४५ जेवण. २:३० ते ३:३० सेल्सचा आढावा. ५:०० ते ५:३० बँकेशी कॉल. मीटिंगचे एकूण तास पावणेतीन, म्हणजे फार नाहीत. जेवण सोडून मोकळा वेळ साडेपाच तास. पण तो वेळ ३०, ४५, ६०, ४५, ९० आणि ६० मिनिटांच्या तुकड्यांत आहे. सगळ्यात मोठा तुकडा दीड तासाचा.

आता जुळवणीचं काम कसं चालतं ते आठवा. खरेदी रजिस्टर एका शीटमध्ये, २बी दुसऱ्या शीटमध्ये. जीएसटी नंबर, बिल नंबर आणि रक्कम लावून आपोआप जुळतं ते जुळतं. उरलेल्या ओळी हाताने बघाव्या लागतात: बिल नंबरात एक शून्य जास्त, तारीख पुढच्या महिन्याची, कर आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटीत दाखवलेला. प्रत्येक ओळीला तीन-चार ठिकाणी बघावं लागतं. मध्येच उठलात तर परत आल्यावर आपण कुठल्या व्हेंडरपाशी होतो आणि काय शंका होती, हे पुन्हा जमवावं लागतं. पाऊण तासाच्या फटीत हे काम सुरूच होत नाही. माणूस मेलला उत्तरं देतो आणि वेळ काढतो. मॅनेजरसमोर ठेवायचा पुरावा हाच.

चार आठवड्यांचं कॅलेंडर एक्सेलमध्ये उतरवताना एका दिवसाच्या मीटिंग वेळेच्या क्रमाने एकाखाली एक लिहा. बी कॉलममध्ये सुरू होण्याची वेळ, सी कॉलममध्ये संपण्याची. दोन मीटिंगमधली फट मिनिटांत काढायला डी३ मध्ये हे घाला आणि खाली ओढा:

```
=(B3-C2)*1440
```

उत्तर तारखेसारखं किंवा वेळेसारखं दिसलं तर त्या खान्याचं फॉरमॅट Number करा. जेवणाचीही एक ओळ घाला, नाहीतर ती फट कामाची म्हणून मोजली जाईल. दिवसाच्या सुरुवातीला साडेनऊची आणि शेवटी साडेसहाची एकेक ओळ घाला, म्हणजे कडेच्या फटीही येतील. उत्तर ऋण आलं तर दोन मीटिंग एकमेकींवर चढल्या आहेत, असं समजा. अशा ठिकाणी उशिरा संपणारी मीटिंग धरा.

शेवटी एकच आकडा काढा: आठवड्यात दोन तासांहून मोठी सलग फट किती वेळा मिळते? बहुतेकांना हा आकडा पाहून धक्का बसतो. तुमचा आकडा आठवड्याला सहा-सात असेल, तर फोकस डे, म्हणजे असा मीटिंगविना दिवस, मागू नका. तुमचा वेळ मीटिंग खात नाहीत, दुसरंच काहीतरी खातं आहे.

## २. वार निवडा, पण तारखा बघून

सोमवार नको: त्या दिवशी आठवड्याची आखणी होते आणि वरून नवी कामं येतात. शुक्रवारही नको, कारण शुक्रवार मागितला की 'लाँग वीकेंड हवा आहे का?' असं कोणीतरी बोलतंच, आणि ते एकदा बोललं गेलं की चिकटतं. राहिले मंगळवार, बुधवार, गुरुवार. बुधवार बहुधा बरा पडतो, कारण हलवलेल्या मीटिंगांना दोन्ही बाजूंना जागा मिळते.

अकाउंट्सवाल्यांना इथे एक हिशेब आपोआप जुळून येतो. जीएसटीआर-२बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची मुदत २० तारखेला असते. १४ ते २० हे बरोबर सात दिवस. म्हणजे कुठलाही वार निवडला तरी तो या पट्ट्यात एकदा आणि एकदाच येतो. अडचण फक्त दोन टोकांची: बुधवार १४ ला आला तर २बी त्याच दिवशी हातात येतं, आणि २० ला आला तर शेवटच्या दिवशी फोन घ्यावेच लागतात. म्हणून नियम आधीच लिहून ठेवा: बुधवार १४ तारखेला आला तर त्या आठवड्यात गुरुवार, २० तारखेला आला तर मंगळवार. बाकी कुठल्याही कारणाने वार सरकवायचा नाही. टीडीएस भरण्याची ७ तारीख आणि जीएसटीआर-१ ची ११ तारीख बुधवारी आली तर वार तोच ठेवा, काम आदल्या संध्याकाळी उरका.

काळ कोणता? अकाउंट्समध्ये मार्च-एप्रिलचं नाव काढू नका. सप्टेंबरही नको: ३० तारखेला टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत असते, आणि मुंबईत बहुधा त्याच सुमारास गणपतीच्या सुट्ट्या आणि रजा मागेपुढे असतात. जुलैत पावसाने लोकल बंद पडली की सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि मग प्रयोग कशाने फसला हे कळत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा त्या मानाने शांत काळ.

२०२७ चं कॅलेंडर घेतलं तर सहा बुधवार असे येतात: १३, २० आणि २७ जानेवारी; ३, १० आणि १७ फेब्रुवारी. यातला २० जानेवारी नियमाप्रमाणे मंगळवारी १९ ला सरकतो. १७ फेब्रुवारी पट्ट्याच्या मधोमध येतो. म्हणजे प्रयोगात जुळवणीच्या दोन फेऱ्या सापडतात, एक सरकवलेली आणि एक सरळ. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: २६ जानेवारी मंगळवारी आहे, त्यामुळे सुट्टीमुळे राहिलेल्या मंगळवारच्या मीटिंग लोक २७ ला ढकलू पाहतील. त्यांना आधीच गुरुवार सुचवा.

सहाच आठवडे का? चारात एक सुट्टी आणि एक सरकलेला दिवस गेला की हातात दोनच उरतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. बारा मागितले तर मॅनेजरला तो प्रयोग वाटणार नाही, कायमची सवलत वाटेल.

## ३. बुधवारच्या प्रत्येक मीटिंगचं काय होणार, ते आधी लिहा

सगळ्या तयारीतलं हे सर्वांत किचकट काम, आणि नेमकं हेच वगळलं जातं. 'बुधवारी मीटिंग नको' असं म्हटलं की त्या मीटिंगांचं काय करायचं हे काम मॅनेजरच्या गळ्यात पडतं. तो आधीच कामाखाली दबलेला असतो, म्हणून 'बघू' म्हणतो. 'बघू' म्हणजे नाही.

आपल्या चार मीटिंग घेऊ.

रोजची टीम मीटिंग, अर्धा तास. बुधवारी हजर राहण्याऐवजी सकाळी पावणेदहापर्यंत तीन ओळी ग्रुपवर: काल काय संपलं, आज काय करतो आहे, कुठे अडलंय. ही मीटिंग मॅनेजरचीच असल्याने निर्णय त्याच्याच हातात आहे.

व्हेंडरचा कॉल, पाऊण तास. हा तुम्हीच लावला आहे, तर गुरुवारी न्या. पण गुरुवारच्या दुपारच्या मोठ्या फटीच्या मधोमध टाकू नका. दुसऱ्या मीटिंगला लागून ठेवा. नाहीतर बुधवार सावरताना गुरुवार फुटतो.

सेल्सचा आढावा, एक तास. हा खरा पेच, कारण तो सेल्स हेडचा आहे आणि तो तुमच्या सोयीने हलणार नाही. या तासात अकाउंट्सचं काम किती ते प्रामाणिकपणे बघा. बहुधा दहा मिनिटांचं: कुठल्या पार्टीकडे किती येणं थकलं आहे, कोणाचा माल थांबवायचा. म्हणून मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत थकबाकीची यादी पाठवायची, साठ दिवसांवरच्या पार्ट्या वेगळ्या रंगात, आणि मीटिंगला टीममधला ज्युनियर बसेल. त्याला आधी दहा मिनिटं देऊन समजावून सांगा, आणि त्याला त्याचीही सोय विचारा. स्वतःच्या शांततेसाठी दुसऱ्याचा बुधवार फोडणं बरं दिसत नाही, आणि ते लोकांच्या लक्षात येतं.

बँकेचा कॉल, अर्धा तास, पाच वाजता. हा तसाच राहू द्या. बँकेची वेळ बँक ठरवते, आणि एक मीटिंग तुम्ही स्वतःहून राखली की मागणी हट्टी वाटत नाही.

आता हिशेब करा. बुधवारच्या सव्वादोन तासांच्या मीटिंग हलल्या. त्यातला पाऊण तास नुसता गुरुवारी गेला. म्हणजे आठवड्यात तुम्ही मीटिंगमधून फक्त दीड तास कमी बसणार आहात. बदल्यात काय मिळालं? साडेनऊ ते एक, साडेतीन तास सलग. पावणेदोन ते पाच, सव्वातीन तास सलग. आधीचा सगळ्यात मोठा तुकडा दीड तासाचा होता. प्रस्तावाचा सगळा जोर या एका तुलनेत आहे, तेव्हा ती पहिल्या तीन ओळींतच येऊ द्या.

## ४. 'अर्जंट' म्हणजे काय, ते तीन ओळींत

मॅनेजरची खरी भीती मीटिंगची नसते. 'साहेबांनी विचारलं आणि माझा माणूस सापडला नाही' ही असते. तिचं उत्तर 'मी आहेच की' हे नव्हे. असं म्हणालात की दिवसभर चॅट बघत बसावं लागतं आणि फोकस डे नावालाच उरतो.

त्याऐवजी दोन वाटा ठरवा. चॅट आणि मेल मी साडेबाराला आणि पाचला बघेन. त्याआधी काही पेटलं तर फोन करा, पहिल्या रिंगला उचलेन. आणि पेटलं म्हणजे काय, तर या तीनच गोष्टी: आजच जायला हवं असं पेमेंट अडकलं, कर खात्याची किंवा ऑडिटरची आजच उत्तर द्यायची मागणी आली, एमडी ऑफिसमधून फोन आला. चौथी गोष्ट मॅनेजरने सुचवली तर घाला, पण पाचवी आली की थांबवा.

फोनची वाट मुद्दाम ठेवायची, कारण चॅटवर 'अर्जंट' लिहायला काहीच लागत नाही. फोन करताना माणूस क्षणभर विचार करतो आणि निम्मे अर्जंट तिथेच विरघळतात.

## ५. मेल पाठवण्याआधी पंधरा मिनिटं बोला

थेट मेल टाकू नका. मेलवर आलेली मागणी मॅनेजरला नोंदवलेल्या तक्रारीसारखी वाटू शकते, विशेषतः त्यात त्याच्या मीटिंगांची यादी असेल तर. क्लोजिंगच्या आठवड्यात, अप्रेझलच्या चर्चेत किंवा साडेसहाला तो ६:५० ची फास्ट पकडायला निघाला असताना विषय काढू नका. दहा तारखेनंतरची एखादी सकाळ बरी. बोलणं साधारण असं व्हावं:

"सर, जुळवणीबद्दल पंधरा मिनिटं हवी होती. गेले तीन महिने आपण १९-२० तारखेला जेमतेम पोचतोय. ती १८ पर्यंत संपवायचा एक मार्ग सुचतोय. सहा आठवडे करून बघू, नाही जमलं तर बंद."

"काय म्हणतोस?"

"बुधवारी माझा सगळ्यात मोठा सलग तुकडा दीड तासाचा असतो. तीन मीटिंग इकडेतिकडे केल्या तर साडेतीन आणि सव्वातीन तासांचे दोन मिळतात. कुठली मीटिंग कुठे जाईल ते या कागदावर आहे."

"अरे, पण सेल्सवाले ऐकणारेत का?"

"त्यांची मीटिंग हलवत नाही, सर. थकबाकीची शीट मंगळवारी सहाला त्यांच्याकडे असेल, मीटिंगला ज्युनियर बसेल. तुमची परवानगी असेल तर सेल्स हेडशी मी बोलतो."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. बोलणं कामाच्या तारखेपासून सुरू होतं, थकव्यापासून नाही. आणि सेल्स हेडशी बोलायची जबाबदारी तुम्ही घेता, पण मॅनेजरची परवानगी आधी मागता. त्याला न विचारता दुसऱ्या विभागाशी परस्पर बोललात, तर चांगला प्रस्तावही तिथेच संपतो.

'उद्या सगळ्यांनीच मागितलं तर?' हा प्रश्न येणारच. उत्तर सरळ द्या: म्हणूनच एका माणसावर सहा आठवडे करून बघू, आकडे चांगले आले तर टीमसाठी कसं करायचं ते तुम्ही ठरवा.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे वर्क फ्रॉम होम. विरार किंवा बदलापूरहून रोज येणाऱ्या माणसाला मोह होतो की फोकस डे घरूनच करावा, प्रवासाचे तीन तासही वाचतील. मोह रास्त आहे, पण ती वेगळी मागणी आहे. दोन्ही एकत्र मागितल्या की मॅनेजरला फक्त दुसरी ऐकू येते आणि एचआरची पॉलिसी मध्ये येते. प्रस्तावात स्पष्ट लिहा: 'बुधवारी ऑफिसातूनच काम करणार.' घरून काम करण्याचा तुमचा ठरलेला वार आधीच बुधवार असेल तर गोष्ट निराळी.

## ६. होकार लेखी घ्या

बोलणं झाल्याच्या दिवशीच मेल टाका. बऱ्याच ऑफिसांत तो इंग्रजीतच जाईल, मजकूर एवढाच:

> विषय: सहा बुधवारांचा प्रयोग, १३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी २०२७
>
> सर, आज बोलल्याप्रमाणे.
>
> काय: बुधवारी ९:३० ते ५:०० जुळवणी आणि एमआयएससाठी राखीव. २० जानेवारीऐवजी मंगळवार, १९ जानेवारी.
>
> मीटिंग: टीम मीटिंगऐवजी ९:४५ पर्यंत लेखी अपडेट. व्हेंडर कॉल गुरुवारी. सेल्स आढाव्यासाठी मंगळवारी ६ पर्यंत शीट, मीटिंगला ज्युनियर. बँक कॉल आहे तसाच.
>
> संपर्क: चॅट-मेल १२:३० आणि ५:००. अर्जंट असल्यास फोन (अडकलेलं पेमेंट, त्याच दिवशीचं खात्याचं किंवा ऑडिटचं उत्तर, एमडी ऑफिस).
>
> काय मोजणार: जुळवणी संपल्याची तारीख (लक्ष्य १८; जानेवारीत दिवस सरकल्याने १९), बुधवारी मिळालेले दोन तासांवरचे तुकडे, आणि माझ्यामुळे कोणाचं काम अर्ध्या दिवसाहून जास्त अडलं का.
>
> आढावा: २८ जानेवारीला दहा मिनिटं, १८ फेब्रुवारीला वीस मिनिटं. १७ फेब्रुवारीनंतर आपण पुढे चालवायचं ठरवलं नाही तर प्रयोग आपोआप बंद.

शेवटची ओळ काढू नका. आपोआप बंद होणाऱ्या गोष्टीला होकार देणं सोपं जातं. मोजण्याच्या यादीतली तिसरी गोष्टही अशीच महत्त्वाची: ती तुमच्या विरुद्ध जाऊ शकते, आणि म्हणूनच बाकीच्या दोन आकड्यांवर विश्वास बसतो.

पूर्ण नकार आला तर अर्धा दिवस मागा: बुधवारी साडेनऊ ते एक. आपल्या उदाहरणात त्यासाठी फक्त टीम मीटिंग आणि व्हेंडर कॉल हलवावे लागतात, सेल्सला हात लावावा लागत नाही.

## ७. कॅलेंडर लावताना

ऑफिसचं खातं गूगलवर असेल तर कॅलेंडरमध्ये इव्हेंट बनवताना `Focus time` हा प्रकार दिसतो (सगळ्या प्लॅनमध्ये नसतो). त्यात मीटिंग आपोआप नाकारायची सोय आहे, आणि तिथेच जपा. फक्त नवी आमंत्रणं नाकारायची की आधीची आणि नवी दोन्ही, असा पर्याय येतो. दुसरा निवडलात तर पाचचा बँक कॉल वाचेल, कारण तो पट्ट्याबाहेर आहे; पण मॅनेजरने आधीच लावलेली एखादी मीटिंग तुमच्या नावाने नाकारली जाईल आणि त्याचा मेल त्याला जाईल. पहिले सहा आठवडे आपोआप काहीच नाकारू नका. आलेलं आमंत्रण हाताने, एका ओळीच्या निरोपासह नाकारा: 'बुधवारी जुळवणी चालू आहे, गुरुवारी ११ चालेल का?'

आउटलुकमध्ये `Busy` लावलेला वेळ कोणालाही आमंत्रण पाठवण्यापासून अडवत नाही. फक्त वेळ शोधणाऱ्याला तो भरलेला दिसतो. म्हणून इव्हेंटच्या नावात काम लिहा: 'जीएसटी जुळवणी'. नुसतं 'फोकस' लिहिलं की लोकांना तो वेळ मोकळा वाटतो. टीम्स वापरत असाल तर `Do not disturb` लावण्याआधी सेटिंगमधल्या priority access मध्ये मॅनेजरचं नाव टाका, म्हणजे त्याचा कॉल आणि मेसेज तरीही पोचेल.

दर बुधवारच्या इव्हेंटच्या मालिकेला शेवटची तारीख द्या: १७ फेब्रुवारी. २० जानेवारीचा इव्हेंट हाताने १९ वर न्या; मालिकेला तुमचा नियम माहीत नसतो.

## ८. सहा बुधवार चालवताना

आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या फाइल डाउनलोड करून ठेवा आणि पहिलं काम एका ओळीत लिहून ठेवा. सकाळचा साडेतीन तासांचा तुकडा हाताने बघायच्या ओळींसाठी, दुपारचा एमआयएससाठी. उलटं केलंत तर जेवणानंतरच्या सुस्तीत बिल नंबर चुकतात.

ऑफिसात बसल्यावर खरा त्रास कॅलेंडरचा नसतो, तो खुर्चीमागे उभा राहतो: 'दोन मिनिटं आहेत का?' मुंबईच्या ऑफिसांत जागेची टंचाई, डेस्कला डेस्क चिकटलेले, त्यामुळे नुसत्या हेडफोनने भागत नाही. सकाळी दहा ते एक दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा डेस्क किंवा छोटी मीटिंग रूम मिळते का पाहा. रूम आठवडाभर आधी बुक करा, आणि सगळा दिवस अडवू नका. त्यावरून भांडणं होतात. जागा मिळत नसेल तर एक छापील उत्तर तयार ठेवा: 'साडेबाराला येतो तुझ्याकडे', आणि साडेबाराला खरंच जा. एकदा न गेलात की पुढच्या वेळी माणूस हलत नाही.

दिवस फुटला तर एका ओळीत नोंद: तारीख, कोणी, कशासाठी, किती मिनिटं, आणि तुमच्या तीन अर्जंट गोष्टींत बसत होतं का. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी. ज्या आठवड्यांत दिवस खऱ्या अर्जंट कामाने फुटतो तिथे वार चुकला आहे, तो बदला. किरकोळ कामाने फुटतो तिथे नियम लोकांपर्यंत पोचलेला नाही. आणि फोन एकदाही वाजला नाही, तरीही दोन तासांचे तुकडे मिळाले नाहीत, तर तुम्हीच मधूनमधून चॅट उघडता आहात.

पहिल्या बुधवारी काम अपेक्षेपेक्षा कमी होतं. तुकड्यांत काम करायची सवय लागलेला हात सुरुवातीला दर वीस मिनिटांनी मेलकडे जातो. त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि राखलेल्या वेळेत साठलेले मेल उपसत बसलात तर ते कोणालाही दिसतं, मॅनेजरला सगळ्यात आधी.

## ९. आढावा

२८ जानेवारीच्या दहा मिनिटांत तीन दिवसांची नोंद दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: "सर, माझ्यामुळे तुमच्याकडे कोणाची तक्रार आली का?" आली असेल तर उरलेल्या तीन बुधवारांसाठी एक गोष्ट बदला, फक्त एक, दोन बदललीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१८ फेब्रुवारीला अर्धं पान पुरतं. आधीच्या तीन महिन्यांतल्या तारखा, प्रयोगातल्या दोन तारखा, मिळालेले तुकडे, फुटलेले दिवस, अडलेली कामं. जानेवारीची फेरी सरकवलेल्या मंगळवारची होती, हे स्वतःहून लिहा. दोन फेऱ्यांवरून फार मोठे दावे करता येत नाहीत, आणि अकाउंट्सच्या मॅनेजरला ते तुमच्याआधी दिसतं.

मॅनेजर 'चालू ठेव' म्हणाला तरी कायमचं मागू नका. जूनअखेरपर्यंत मागा, आणि त्यातून मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिल स्वतःच वगळा. कॅलेंडरची मालिका नव्या शेवटच्या तारखेने पुन्हा लावा, आणि होकाराचा मेल जपून ठेवा: मधेच मॅनेजर बदलला तर नव्याला दाखवायला तोच एक कागद असतो.